दोन प्यादी तीन प्याद्यांवर चालून जातात तेव्हा

२०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या इमारतीत निदान तीन घरांमध्ये बुद्धिबळाचं थेट प्रक्षेपण लागायला लागलं. त्यातल्याच एका घरातले काका परवा जिन्यात गाठ पडल्यावर म्हणाले, "काय रे, बारा खेळ्या झाल्या नाहीत तोवर तो समालोचक म्हणतो, आता पांढऱ्याचा नेहमीचा प्लॅन, मायनॉरिटी अटॅक. अजून तर एकमेकांना कुणी हातही लावलेला नाही. ह्यांना आधीच कसं कळतं?"

प्रश्न रास्त आहे. समालोचकाला पुढच्या वीस खेळ्या दिसत असतात असं मुळीच नाही. तो बहुतेक वेळा फक्त प्यादी बघतो. सोळा प्यादी कुठे उभी आहेत आणि त्यातली कुठली पटावरून गेली आहेत, एवढ्यावरून त्या डावात कुणी कुठे चाल करायची याचा अंदाज बांधता येतो. हे कसं करतात ते एकाच रचनेवरून सांगतो, कारण ती रचना नीट समजली की बाकीच्या वाचायची सवय आपोआप लागते.

आधी मोहरे उचलून ठेवा

बुद्धिबळात घोडा, उंट, हत्ती, वजीर चुकीच्या जागी गेले तर परत आणता येतात. प्यादं मात्र एकदा पुढे सरकलं की कायमचं सरकलं. त्यामुळे मोहरे म्हणजे घरातलं सामान आणि प्यादी म्हणजे भिंती. सामान कुठे लावायचं हे भिंती आणि दारं कुठे आहेत यावर ठरतं. नव्या घरात शिरल्यावर आपण कपाट कुठे बसेल हे भिंत बघूनच ठरवतो, कपाट बघून नाही.

म्हणून मी मुलांना शिकवताना डाव मध्येच थांबवतो आणि दोन्ही बाजूंचे मोहरे उचलून बाजूला ठेवायला लावतो. पटावर फक्त प्यादी उरतात. मग दोनच गोष्टी शोधायच्या. पहिली, कुठली उभी पट्टी मोकळी आहे. पट्टीवर आपलं प्यादं नाही पण समोरच्याचं आहे, तर ती आपल्यासाठी अर्धी मोकळी. तिथे आपला हत्ती उभा राहिला की त्याच्या नजरेसमोर थेट शत्रूचं प्यादं असतं. दुसरी, आपलं कुठलं प्यादं पुढे जाऊन समोरच्या प्याद्याला भिडू शकतं. भिडल्यावर मारामारी होते, आणि मारामारी झाली की भिंत बदलते. प्लॅन म्हणजे बहुतेक वेळा एवढंच: कुठलं प्यादं भिडवायचं आणि त्यासाठी मोहरे कुठे उभे करायचे.

आता हा सांगाडा बघा. पांढऱ्याची प्यादी मोठ्या अक्षरात, काळ्याची लहान अक्षरात:

```
8  . . . . . . . .
7  p p . . . p p p
6  . . p . . . . .
5  . . . p . . . .
4  . . . P . . . .
3  . . . . P . . .
2  P P . . . P P P
1  . . . . . . . .
   a b c d e f g h
```

ही रचना क्वीन्स गॅम्बिट नावाच्या सुरुवातीतून येते. पांढरा c प्यादं देऊन काळ्याचं d प्यादं घेतो आणि काळा e प्याद्याने ते परत मारतो. पुढे काळा d5 ला आधार म्हणून c6 खेळतो. मारामारी एवढीच. प्यादी दोघांचीही सात, पण आता पांढऱ्याकडे c प्यादं नाही आणि काळ्याकडे e प्यादं नाही. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात. आजच्या चेकियातल्या कार्लोव्ही व्हॅरी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाचं हे जुनं नाव, आणि तिथे १९२३ साली झालेल्या स्पर्धेवरून ते या रचनेला चिकटलं.

वरची कसोटी लावून बघू. पांढऱ्यासाठी c पट्टी अर्धी मोकळी आहे आणि तिच्यावर c6 चं प्यादं दिसतं. काळ्यासाठी e पट्टी अर्धी मोकळी आहे आणि तिच्यावर e3 चं प्यादं दिसतं. आता भिडायचं कुणी? पांढऱ्याचं b प्यादं b4, मग b5 असं जाऊन c6 ला भिडू शकतं. नाहीतर e प्यादं e4 वर जाऊन d5 ला भिडू शकतं. पांढऱ्याकडे हे दोनच दरवाजे आहेत. त्यातला पहिला म्हणजे मायनॉरिटी अटॅक.

दोघांनी तिघांवर चालून जायचं? हा कसला हिशेब?

पटाच्या डावीकडे, a, b, c या पट्ट्यांत, पांढऱ्याची प्यादी दोन आणि काळ्याची तीन. ज्याची संख्या कमी तोच हल्ला करतो, म्हणून मायनॉरिटी अटॅक. हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही उलटं वाटतं. शाळेपासून आपण शिकतो की जिथे आपली माणसं जास्त तिथे भिडावं.

कबड्डीची चढाई आठवा. एकटा खेळाडू सात जणांच्या अंगणात शिरतो. सातही जणांना हरवायचं हा त्याचा इरादा नसतोच. त्यांनी हात धरून साखळी केलेली असते आणि त्याला त्या साखळीतला एक गडी हवा असतो, विशेषतः कोपऱ्यातला. चढाई करणारा स्वतः बाद झाला तरी जाताना साखळी खिळखिळी करून गेला, तर पुढच्या चढाईला सोपं जातं.

b प्यादं हा चढाई करणारा गडी आहे. काळ्याची b7, c6, d5 ही तीन प्यादी हात धरून उभी आहेत: b7 सांभाळतं c6 ला आणि c6 सांभाळतं d5 ला. b5 वर आलेलं पांढरं प्यादं c6 ला मारतं, काळा b7 च्या प्याद्याने ते परत मारतो. हिशेबाला एकास एक गेलं. काळ्याची अजूनही या बाजूला दोन प्यादी आणि पांढऱ्याचं एकच. पण साखळीचं टोक गेलं. आता c6 ला सांभाळणारं प्यादं उरलं नाही, आणि अर्ध्या मोकळ्या c पट्टीवरून पांढऱ्याचा हत्ती त्याच्याकडेच बघतोय.

प्याद्याला प्याद्याने सांभाळलं तर ते फुकटचं राखण आहे. प्याद्याला सांभाळायला हत्ती नाहीतर वजीर बसवावा लागला, तर तो मोहरा त्या प्याद्याचा वॉचमन झाला. डाव जिंकण्यासाठी पांढऱ्याला c6 चं प्यादं लगेच खायचीही गरज नसते. काळ्याचे दोन-तीन मोहरे त्याच्या राखणीला बसले, एवढंच पुष्कळ होतं.

"मग ते c6 पुढे सरकवून c5 का करू नये?" असं मुलं हमखास विचारतात. करता येतं, पण पांढरा d4 च्या प्याद्याने ते मारतो, काळा मोहऱ्याने परत मारतो आणि d5 चं प्यादं एकटं पडतं. दुखणं c6 वरून d5 वर गेलं, बरं झालं नाही.

काळ्यासमोरचे तीन रस्ते

पांढऱ्याचं प्यादं b5 वर आलं की काळ्याला तीनच पर्याय असतात आणि तिन्हींत काहीतरी मोजावं लागतं. तो काही न करता थांबला, तर वर सांगितल्याप्रमाणे c6 कमकुवत होतं. त्याने c6 च्या प्याद्याने b5 मारलं, तर पांढरा घोड्याने किंवा उंटाने परत मारतो. मग d5 एकटं पडतं आणि b7 समोर पांढऱ्याच्या b पट्टीवरच्या हत्तीचं तोंड उघडतं. त्याने c5 केलं, तर d5 एकटं.

प्लॅन चांगला आहे की नाही हे मी यावरूनच ओळखतो. समोरच्याने एक विशिष्ट चूक केली तरच चालणारा प्लॅन हा सापळा असतो. त्याने काहीही केलं तरी आपल्याला थोडं काहीतरी मिळतं, तेव्हा तो प्लॅन रचनेतूनच आलेला असतो.

एक तपशील मात्र नवखे विसरतात. b4 करण्याआधी पांढरा हत्ती b1 वर आणतो. काळ्याचा उंट साधारण e7 किंवा d6 वर असतो आणि त्या तिरक्या रेषेत b4 येतं. हत्ती मागे नसेल तर प्यादं फुकट जातं. पुढे b5 वर जायला मात्र c3 चा घोडा आणि d3 चा उंट हे दोघेही आधार देतात. काळ्याने a6 करून b5 वर आणखी एक पहारेकरी बसवला, तर पांढऱ्याला आधी a4 करावं लागतं, म्हणजे एक खेळी जास्त. या खेळ्या मोजायच्या असतात. का ते पुढे येईलच.

१९४८: केरेसने प्याद्याऐवजी उंटाने मारलं

आता खरा डाव बघू. १९४८ साली जगज्जेतेपदासाठी पाच खेळाडूंची स्पर्धा झाली, आधी हेगमध्ये आणि मग मॉस्कोत. त्यात वासिली स्मिस्लॉव्ह पांढऱ्याने पॉल केरेसविरुद्ध खेळला आणि रचना बरोबर वरची आली. स्मिस्लॉव्हने अकराव्या खेळीला हत्ती b1 वर आणला. तिथून पुढे डाव कसा गेला ते खाली आहे. R म्हणजे हत्ती, N घोडा, B उंट, Q वजीर, अक्षर नसेल तर प्यादं, आणि x म्हणजे मारामारी:

```
11.Rab1 Ng6   12.b4 Bd6    13.b5 Bd7
14.bxc6 Bxc6  15.Qb3 Be7   16.Bxf6 Bxf6
17.Bb5 Qd6    18.Rfc1 h5   19.Ne2 h4
20.Bxc6 bxc6  21.Qa4 Ne7   22.Rb7
```

केरेसला तीन वाईट पर्याय माहीत होतेच. म्हणून त्याने चौथा शोधला. तेराव्या खेळीला उंट d7 वर आणून ठेवला आणि c6 वर मारामारी झाल्यावर b7 च्या प्याद्याऐवजी त्या उंटाने परत मारलं. दिसायला छान आहे. प्यादं b7 वरच राहिलं, c6 वर कमकुवत प्यादं तयारच झालं नाही, आणि उंट b7 व d5 या दोन्हींची राखण करतोय.

स्मिस्लॉव्हने मग त्या उंटालाच लक्ष्य केलं. सारी राखण एका उंटावर असेल तर तो उंट काढायचा, की मूळ हिशेब परत लागू. आधी वजीर b3 वर आणून b7 आणि d5 वर एकाच वेळी दाब दिला. मग आपला g5 चा उंट f6 च्या घोड्यावर देऊन टाकला. नवख्याला हे समजत नाही, चांगला उंट घोड्यासाठी का द्यावा? पण f6 चा घोडा d5 चा राखणदार होता आणि राजाच्या बाजूला काळ्याचा हल्ला चालवणाराही तोच. तो गेला म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

सतराव्या खेळीला दुसरा उंट b5 वर, थेट c6 च्या उंटाच्या अंगावर. अठराव्याला दुसरा हत्ती c1 वर. आणि एकोणिसाव्याला माझी सगळ्यात आवडती खेळी: घोडा c3 वरून e2 वर मागे. काही केलंच नाही असं वाटतं. पण घोडा बाजूला झाल्याबरोबर c1 चा हत्ती थेट c6 पर्यंत बघू लागला. आता पांढऱ्याने c6 चा उंट मारला, तर काळ्याला वजिराने परत मारता येणार नाही, कारण वजीर हत्तीच्या तोंडी जाईल. b7 च्या प्याद्यानेच मारावं लागेल. चौदाव्या खेळीला जे टाळलं होतं तेच विसाव्या खेळीला करावं लागलं.

मधल्या दोन खेळ्यांत केरेसने h प्यादं h5, h4 असं पुढे ढकललं. राजाच्या बाजूला काहीतरी घडवायची ती धडपड होती, पण हाताशी मोहरे उरले नव्हते. बाविसाव्या खेळीला पांढऱ्याचा हत्ती मोकळ्या झालेल्या b पट्टीवरून b7 वर, म्हणजे काळ्याच्या घरात. वजीर a4 वरून c6 आणि a7 दोन्हींवर. केरेसचा g6 चा घोडा c6 सांभाळायला e7 वर परत गेलेला, म्हणजे वॉचमनच. स्मिस्लॉव्ह हा डाव जिंकला. b प्यादं चौदाव्या खेळीतच पटावरून गेलं होतं, तरी सगळा डाव त्याच्याच चढाईवर उभा होता.

मग काळा काय हात बांधून बसतो?

नाही. आणि इथे स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खुल्या स्पर्धेत मी हाच प्लॅन अगदी घोटून घोटून पाठ करून गेलो होतो. हत्ती b1, b4, b5, मारामारी, c6 कमकुवत. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे झालं. समोर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता आणि तो माझ्या बाजूला बघतही नव्हता. मी c6 चं प्यादं खाल्लं, समाधानाने घड्याळ दाबलं आणि पाणी प्यायलो. तोवर त्याचा हत्ती e6 वरून g6 वर आला होता आणि वजीर h3 वर. g2 वर मात टाळायला माझ्याजवळ एकही मोहरा नव्हता, कारण सगळे c पट्टीवर त्या प्याद्याभोवती गोळा झालेले. एका प्याद्याने मी पुढे होतो.

रचना दोघांनाही प्लॅन देते, हे मी विसरलो होतो. काळ्याची e पट्टी अर्धी मोकळी आहे. e4 वर त्याचा घोडा बसला तर त्याला हाकलायला पांढऱ्याला f3 करावं लागतं आणि e3 कमजोर होतं. d6 चा उंट h2 कडे बघतो, e8 चा हत्ती e6 वर चढून g6 किंवा h6 वर वळतो. मायनॉरिटी अटॅकमधून मिळतं ते एक कमकुवत प्यादं. काळ्याच्या हल्ल्यातून मिळाला तर राजा मिळतो. म्हणून खेळ्या मोजायच्या. मला b1, b4, b5 आणि मारामारी अशा चार खेळ्या लागतात. तेवढ्यात काळ्याचे किती मोहरे माझ्या राजाजवळ पोहोचतात? तिसरा मोहरा येताना दिसला की डावीकडचं काम थांबवून निदान एक अदलाबदल करून घ्यायची. स्मिस्लॉव्हने सोळाव्या खेळीला f6 चा घोडा मारला तो उगाच नाही.

काळ्याचा दुसरा इलाज जास्त शांत आणि माझ्या मते जास्त चिवट आहे. पांढऱ्याने b4 केल्याबरोबर काळा स्वतःच b5 करून रस्ता बुजवून टाकतो. c6 चं प्यादं आता कायमचं मागे राहिलं, हे खरं. पण काळा आपला घोडा b6 किंवा d6 मार्गे c4 वर नेतो. तो तिथे बसला की c पट्टीवर झाकण पडतं. पांढऱ्याच्या हत्तीला c6 दिसतच नाही. त्या घोड्याला हाकलायला पांढऱ्याला b3 हवं, आणि b प्यादं तर b4 वर गेलेलं. प्यादं मागे येत नाही, त्याची किंमत इथे चुकती होते. म्हणून जाणकार पांढरा b4 करण्याआधी बघतो की काळ्याचा घोडा c4 पासून किती खेळ्या लांब आहे. तो जवळ असेल तर घाई करत नाही, आणि b5 पडल्यावर a4 करून त्या बुचाला धक्का देण्याची तयारी ठेवतो.

काळ्याने आपला c8 चा उंट f5 मार्गे पांढऱ्याच्या d3 च्या उंटाबरोबर बदलून घेतला, तरी त्याला पुष्कळ मोकळं वाटतं. आपल्याच d5, c6 च्या मागे कोंडलेला तो उंट या रचनेतला काळ्याचा सगळ्यात दुर्दैवी मोहरा आहे.

म्हणजे हा आराखडा दिसला की डोळे मिटून b4?

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. रचना म्हणजे हॉटेलातलं मेनू कार्ड. काय मिळतं ते त्यावरून कळतं. काय मागवायचं हे भूक, खिसा आणि वेळ बघून ठरतं.

आणि मेनू कार्ड मधूनच बदलतं. २७ नोव्हेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला तिसरा डाव झाला. सुरुवातीला जवळपास हाच सांगाडा आला होता. पण b3 वर वजिरांची अदलाबदल झाली आणि गुकेशने a प्याद्याने परत मारलं. एका मारामारीत पांढऱ्याची a पट्टी उघडली आणि b पट्टीवर त्याची दोन प्यादी एकामागे एक उभी राहिली. c6 वरच्या सरळ चढाईचा हिशेब तिथे संपला. पुढे डिंगचा उंट c2 वर शिरला, परतीची वाट बंद झाल्याने अडकला आणि गुकेश जिंकला. ज्याने डोक्यात b4, b5 धरून डाव बघितला असेल त्याला काहीच कळलं नसेल. दर मारामारीनंतर मोहरे मनातल्या मनात पुन्हा उचलून ठेवायचे, हे त्यासाठी.

उलटही होतं. आकृती तीच पण रंग बदललेले. सिसिलियन बचावात काळ्याचं c प्यादं पांढऱ्याच्या d प्याद्याच्या बदल्यात जातं. मग a, b, c पट्ट्यांत काळ्याची दोन आणि पांढऱ्याची तीन, आणि c पट्टी काळ्यासाठी अर्धी मोकळी. आता हत्ती c8 वर आणि b5, b4 असं जाणार कोण? काळा. सिसिलियन खेळणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं मायनॉरिटी अटॅक करत असतात आणि त्याला हे नाव आहे हे त्यांना माहीतही नसतं.

दुसरा दरवाजा

परत मूळ सांगाड्याकडे. पांढऱ्याला दोन दरवाजे आहेत म्हणालो होतो, b5 आणि e4. कुठला उघडायचा हे ठरवायला मला सगळ्यात उपयोगी खूण वाटते ती पांढऱ्याच्या राजाकडच्या घोड्याची. तो f3 वर असेल तर f प्यादं त्याच्यामागे अडकलेलं असतं, e4 ला f3 चा आधार देता येत नाही, आणि मग b4 हाच सरळ रस्ता. स्मिस्लॉव्हचा घोडा f3 वर होता. घोडा e2 वर ठेवला असेल तर f प्यादं मोकळं असतं. f3 आणि मग e4 असा दाब मध्यभागी आणता येतो. तिथे प्यादी पांढऱ्याची जास्त आहेत, e, f, g, h अशी चार विरुद्ध तीन. पण धोकाही मोठा, कारण तीच प्यादी आपल्या राजावरचं छप्पर असतात आणि e4 वर मारामारी झाली की d4 उघडं पडू शकतं.

१९५२ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता मिखाईल बोटविनिक याच्यासमोर ही रचना आली, आणि काळ्याने खेळत होता पुन्हा पॉल केरेस. बोटविनिकने घोडा e2 वर ठेवला होता. तरीही अकराव्या खेळीला त्याने हत्ती b1 वर आणला, जसा स्मिस्लॉव्हने चार वर्षांपूर्वी आणला होता. त्या डावात पुढे काय झालं ते केरेस विसरला असेल असं मला वाटत नाही. बोटविनिकने मग राजा h1 वर सरकवला, तेराव्या खेळीला f3 केलं, आणि चौदाव्या खेळीला तोच हत्ती b1 वरून उचलून e1 वर नेऊन ठेवला. b प्यादं तोवर b2 वरून हललंही नव्हतं. विसाव्या खेळीला e4, बाविसाव्याला e5, पाठोपाठ घोडा e4 वरून d6 वर. सदतिसाव्या खेळीला केरेसने डाव सोडला.